सीईटीला ८६ पर्सेंटाइल: नव्या कॉलेजातलं कॉम्प्युटर की जुन्या कॉलेजातलं मेकॅनिकल?

प्रश्न: सर, मला एमएचटी-सीईटीला ८६ पर्सेंटाइल आहेत, ओपन कॅटेगरी, सातारा जिल्हा. घराजवळच्या नव्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळेल आणि सांगली-कोल्हापूर भागातल्या जुन्या ऑटोनॉमस कॉलेजात मेकॅनिकल मिळेल असं दिसतंय. कोडिंग कधी केलेलं नाही. वडील म्हणतात कॉम्प्युटरच घे. मामा भोसरीत कंपनीत आहे, तो म्हणतो काहीही कर पण मेकॅनिकल करू नकोस. काय करू?

उत्तर:

माझं मत कुठून येतंय ते आधी सांगतो. मी २००१ मध्ये मेकॅनिकल झालो आणि दहा वर्षं भोसरीत प्रेस टूलच्या डिझाइनमध्ये काढली. तिशी ओलांडल्यावर रात्री बसून सी शिकलो आणि गाड्यांच्या कंट्रोल युनिटमधलं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या कंपनीत गेलो. आज माझ्या टीममध्ये मेकॅनिकलची मुलं आहेत तशीच कॉम्प्युटर आणि ईएनटीसीचीही आहेत, आणि दरवर्षी दोन्हीकडच्या फ्रेशरच्या मुलाखती मी घेतो. म्हणजे दोन्ही बाजू आतून पाहिल्यात.

९८ पर्सेंटाइलच्या मुलाला ब्रँच आणि कॉलेज दोन्ही बऱ्यापैकी मनासारखं मिळतं, म्हणून त्याच्यापुढे प्रश्न नुसता ब्रँचचा असतो. तुझ्यापुढे एका विशिष्ट कॉलेजातली एक विशिष्ट जागा आणि दुसऱ्या कॉलेजातली दुसरी जागा आहे. या दोन ब्रँचना कॉलेज सारखंच लागत नाही. ही एक गोष्ट नीट समजली की बाकीचा निर्णय बराच सोपा होतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कॉम्प्युटरचं बहुतेक काम एका लॅपटॉपवर होतं. डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क हे सगळं कॉलेजात वाईट शिकवलं तरी खोलीत बसून शिकता येतं, कारण चूक झाली की मशीन तिथल्या तिथे सांगतं. मेकॅनिकलचं तसं नाही. लेथवर जॉब फिरवताना टूल कसं किंचाळतं, मोजताना व्हर्नियर किती दाबायचा, बेअरिंग बसवताना हातोडी कुठल्या रिंगवर पडली तर बेअरिंग वाया जातं, हे व्हिडिओ बघून हातात येत नाही. त्यासाठी चालू स्थितीतली यंत्रं, ती चालवू देणारा इन्स्ट्रक्टर आणि आजूबाजूला कारखाने लागतात. म्हणून सुमार कॉलेजातलं मेकॅनिकल सुमार कॉलेजातल्या कॉम्प्युटरपेक्षा जास्त नुकसान करतं. चांगल्या जुन्या कॉलेजातलं मेकॅनिकल मात्र तुला असं काही देतं, जे घरी बसून कोणालाही मिळणार नाही.

यावरून लगेच 'मग कॉम्प्युटर कुठलंही चालेल' असं धरू नकोस. तिथे अडचण नोकरीच्या दारात येते. एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या स्थितीतल्या कॉलेजांवरची ब्रँचच्या जागांची कमाल मर्यादा काढली. त्यानंतर जागा वाढल्या त्या मुख्यतः कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंडांच्या, म्हणजे एआय-डीएस, सायबर वगैरे नावांच्या. ६० चे १८० झालेले वर्ग मी पाहिलेत. शिकवणारे त्या प्रमाणात वाढलेले पाहिले नाहीत. अशा कॉलेजात मोठ्या कंपन्या येत नाहीत, आल्या तर आयटी सेवा देणाऱ्या येतात. त्यांचा फ्रेशरचा पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास आहे आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत तो फारसा हललेला नाही. त्यातही एक गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते. या कंपन्यांची भरती बहुतेक वेळा कुठल्याही ब्रँचला खुली असते. दहावीपासून ६० टक्के आणि बॅकलॉग नाही एवढी अट पाळली, तर मेकॅनिकलचा मुलगाही तीच परीक्षा देतो आणि त्याच पगारावर लागतो. म्हणजे नव्या कॉलेजातलं कॉम्प्युटर घेऊन तू कॉलेजच्या भरवशावर राहिलास, तर चार वर्षांनी ज्या दारात उभा राहशील तिथे मेकॅनिकलवालाही उभा असेल.

कॉम्प्युटरचा खरा फायदा त्या दाराच्या पलीकडे आहे. स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या फ्रेशर घेताना बहुधा कॉम्प्युटर, आयटी किंवा ईएनटीसीच मागतात. तिथे पाच वर्षांत पगार जिथे पोचतो, तिथे डिझाइन किंवा क्वालिटीतल्या मेकॅनिकल इंजिनिअरला पोचायला मी पाहिलेल्या मुलांत तरी दहा-बारा वर्षं लागली. मात्र नव्या कॉलेजातून त्या कंपन्यांपर्यंत आपल्या पायांनी जावं लागतं. कॉलेजबाहेरून अर्ज करायचा, त्यांची ऑनलाइन परीक्षा द्यायची, स्वतः लिहिलेला आणि दुसऱ्याला वापरता येईल असा एखादा प्रोग्रॅम दाखवायचा. दुसऱ्या वर्षापासून रोज दोन तास हे काम करणारा मुलगा नव्या कॉलेजातूनही निघतो. एका वर्गातून असे किती निघतात, तर माझ्या अंदाजाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मामा जे सांगतोय ते त्याच्या जागेवरून खरं आहे. चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज इथे फ्रेशर इंजिनिअरला ट्रेनी म्हणून घेतात आणि महिना अठरा ते पंचवीस हजार देतात. बऱ्याच ठिकाणी कायम करत नाहीत, मुदत संपली की नवी बॅच येते. प्रॉडक्शन लाइनवर टाकलं की काम पोरांना कामावर लावण्याचं, टार्गेट गाठण्याचं आणि रात्रपाळीचं असतं. दोन वर्षांत शिकलेलं इंजिनिअरिंग विसरतं. मामाने हे रोज पाहिलंय, म्हणून त्याच्यावर रागावू नकोस. पण त्याला एक विचार, 'तुमच्या कंपनीत टूल रूममध्ये, डाय मेंटेनन्सला किंवा डिझाइनला चांगला माणूस शोधायला किती वेळ लागतो?' उत्तर ऐकून घे. प्रॉडक्शनला ट्रेनी पाहिजे तितके मिळतात. ड्रॉइंग वाचून चूक कुठे आहे ते सांगणारा माणूस मिळत नाही.

हे माझ्या मुलाखतीतून सांगतो. मेकॅनिकलच्या मुलासमोर मी एक शाफ्ट, एक बेअरिंग आणि व्हर्नियर ठेवतो. आधी शाफ्ट मोजायला लावतो. मग विचारतो, 'पट्ट्यावर फिरणारा हा शाफ्ट आहे. बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर घट्ट बसवशील, की बाहेरची रिंग हाउसिंगमध्ये घट्ट बसवशील?' पट्ट्याचा ओढा एकाच दिशेने असतो आणि शाफ्ट फिरतो. त्यामुळे आतल्या रिंगचा प्रत्येक भाग आळीपाळीने त्या ओढ्याखाली येतो. ती सैल असेल तर शाफ्टवर हळूहळू सरकत राहते आणि शाफ्ट खाते. म्हणून आतली घट्ट, बाहेरची थोडी मोकळी. फर्स्ट क्लास असलेल्या मुलांतही बहुतेकांना हे येत नाही. ज्याला येतं तो बहुधा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला असतो, किंवा कॉलेजच्या बाहा टीममध्ये गाडी बांधताना एकदा बेअरिंग घालवून बसलेला असतो. त्याला मी तिथेच घेतो, त्याचे गुण ६२ टक्के असले तरी. कॉम्प्युटरच्या मुलाला मी विचारतो, 'एक लाख नावांत एक नाव शोधायचंय. साध्या यादीत शोधलंस आणि डिक्शनरीत शोधलंस तर वेळेत फरक का पडतो?' इथेही बरेच जण अडतात, पण रांगेत इतकी मुलं असतात की पुढचा कोणीतरी उत्तर देतो. सरासरी मुलाने हाच फरक ध्यानात घ्यायचा. मेकॅनिकलमध्ये हाताने काम केलेला सरासरी मुलगा पटकन उठून दिसतो. कॉम्प्युटरमध्ये उठून दिसायला जास्त कष्ट लागतात, पण एकदा दिसलास की बक्षीस मोठं असतं.

आता 'मेकॅनिकल घेतो आणि शेवटी आयटीत जातो' या बेताबद्दल. बरेच जण हा सल्ला देतात. मी ते केलंय, म्हणून किंमत सांगतो. मला सी आणि एम्बेडेडचं जेमतेम काम येण्याइतकं शिकायला दोन वर्षं लागली, रोज रात्री नोकरीनंतर. कॉलेजात असतानाही हे सोपं नाही, कारण मेकॅनिकलचं तिसरं वर्ष जड असतं. हीट ट्रान्सफर, मशीन डिझाइन आणि थिअरी ऑफ मशिन्स मानेवर असताना डेटा स्ट्रक्चर शिकायला बसणं म्हणजे दीड डिग्री करणं. ज्यांना जमलं त्यांनी पहिल्या वर्षाच्या सुट्टीपासून सुरुवात केली होती. सातव्या सेमिस्टरला जागे झालेले बहुतेक जण सेवा कंपनीच्या टेस्टिंगमध्ये लागले आणि तिथेच अडकले. तरी हे दार अर्धं उघडं आहे हे नक्की. उलट दिशेचं दार जवळजवळ बंद आहे. कॉम्प्युटरची पदवी घेऊन मेकॅनिकल डिझाइनमध्ये कोणी घेत नाही. सरकारी नोकरीतही फरक पडतो. यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षा सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम या चारच शाखांसाठी असते, तिथे कॉम्प्युटर नाही. गेटच्या गुणांवर सार्वजनिक कंपन्या भरती करतात, त्यात मेकॅनिकलच्या जागा बहुधा असतात आणि कॉम्प्युटरच्या मोजक्या. वडिलांच्या डोक्यात पक्की सरकारी नोकरी असेल, तर त्यांना हे दाखव. कदाचित ते मत बदलतील.

पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलून मिळते, असंही तुला कोणीतरी सांगेल. मिळते, पण रिकाम्या झालेल्या जागेवर आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर. कॉम्प्युटरच्या जागा फार थोड्या रिकाम्या होतात. त्या भरवशावर मेकॅनिकल घेऊ नकोस.

आता कॉलेज तपासायचं काम. यात कष्ट दोन दिवसांचे आहेत, पण इथेच निर्णय पक्का होतो.

पहिलं काम घरी बसून होतं. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या कॅप फेऱ्यांच्या कटऑफच्या पीडीएफ असतात. त्यात प्रत्येक जागेखाली वर मेरिट नंबर आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल असतं. तू सातारचा, म्हणजे तुझं होम युनिव्हर्सिटी शिवाजी विद्यापीठ. त्या विद्यापीठाच्या कॉलेजांत तू `GOPENH` हा रकाना बघ, पुणे भागातल्या कॉलेजांसाठी `GOPENO`, आणि जिथे जागा राज्यस्तरावर भरतात तिथे `GOPENS`. तुलना पर्सेंटाइलने कर, मेरिट नंबरने नको, कारण परीक्षार्थींची संख्या दरवर्षी बदलते. तीन वर्षांचे शेवटच्या फेरीचे आकडे एका कागदावर लिही. जुन्या कॉलेजच्या मेकॅनिकलचा कटऑफ तीन वर्षं साधारण एका जागी टिकलेला असेल तर वर्ग भरतोय. तो ७० वरून ४० वर आणि मग १५ वर आला असेल तर विभाग ओस पडतोय, मग कॉलेजचं नाव कितीही मोठं असो. ६० जागांच्या वर्गात १५ मुलं उरली की चांगले शिक्षक निघून जातात, ऐच्छिक विषय बंद होतात आणि कंपन्या त्या ब्रँचसाठी येणं थांबवतात. नव्या कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या बाबतीत कटऑफसोबत मंजूर जागांचा आकडा बघ. तीन वर्षांत जागा तिप्पट झाल्या असतील, तर कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या 'मॅन्डेटरी डिस्क्लोजर'मध्ये त्या विभागाच्या शिक्षकांची यादी असते, ती मोज.

एनबीए मानांकन कॉलेजला मिळत नाही, ब्रँचला मिळतं. 'आमचं कॉलेज एनबीए आहे' असं कोणी म्हणालं तर विचार, कॉम्प्युटरला आहे का? कधीपर्यंत आहे? नॅक कॉलेजला मिळतं, ते वेगळं.

प्लेसमेंटचा आकडा कसा फुगतो ते एका उदाहरणाने सांगतो. समज, वर्गात १८० मुलं आहेत. त्यातल्या ६० टक्क्यांवरच्या, बॅकलॉग नसलेल्या आणि प्लेसमेंटला नाव नोंदवलेल्या मुलांची संख्या ७०. त्यातल्या ५५ जणांना नोकरी लागली. कॉलेज फलकावर लिहितं ७९ टक्के, कारण भागाकार ७० ने केला. तुझ्या दृष्टीने आकडा १८० पैकी ५५, म्हणजे ३१ टक्के. त्यात एका मुलाला तीन ऑफर असतील आणि त्या तीन धरल्या असतील, तर खरा आकडा आणखी खाली. म्हणून टक्केवारी विचारू नकोस. विचार, गेल्या वर्षी किती मुलं पास झाली, वेगवेगळ्या किती मुलांच्या हातात ऑफर लेटर आलं, आणि मधलं पॅकेज किती? सगळ्यात वरचं पॅकेज ऐकून काही कळत नाही.

दुसरं काम प्रत्यक्ष जाऊन करायचं, आणि प्रवेश कक्षात बसून होणार नाही. चहाच्या टपरीवर तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं गाठ. कॉम्प्युटरवाल्यांना विचार, 'प्रॅक्टिकलला एका मशीनवर किती जण बसता? मेगा प्रोजेक्ट स्वतः केलात की विकत घेतला?' प्रोजेक्ट विकत मिळतात, मुलं हे लपवत नाहीत. वर्गातले बहुतेक विकत घेत असतील, तर त्या कॉलेजात तुला ढकलणारं कोणी नसेल, सगळं स्वतःच्या जोरावर करावं लागेल. मेकॅनिकलवाल्यांना विचार, 'सीएनसी शेवटचं कधी चाललं? तू स्वतः चालवलंस का?' वर्कशॉपमध्ये डोकाव. लेथखाली ताजा बुरा दिसला तर बरं. यंत्रांवर प्लास्टिकचं आवरण आणि त्यावर धूळ दिसली, तर तो विभाग भेट देणाऱ्या समितीसाठी आहे. बाहा किंवा तशी गाडी बांधणारी टीम आहे का ते विचार. ती टीम जिथे जिवंत असते, तिथे वेल्डिंगपासून हिशेबापर्यंत सगळं मुलं करतात आणि मुलाखतीत मला हवी असलेली पोरं बहुधा त्यातूनच निघतात.

आता तुझी स्वतःची तपासणी. 'कोडिंग कधी केलेलं नाही' हे वाक्य मला तुझ्या पर्सेंटाइलपेक्षा महत्त्वाचं वाटलं. फॉर्म भरायला अजून दिवस आहेत, त्यातले दोन आठवडे यासाठी दे. पहिल्या आठवड्यात पायथन घे, कोणाचाही जुना लॅपटॉप चालेल. व्हेरिएबल, लिस्ट, लूप आणि अटी एवढंच शिक. मग गावातल्या डेअरीच्या संकलनाचा हिशेब लिही: कोणी किती लिटर घातलं, फॅटप्रमाणे दर काय, दहा दिवसांचं बिल किती. सुरुवातीला तू असं काहीतरी लिहिशील:

```python
nondi = [(6.5, 34), (7.0, 33), (5.5, 36)]
for litar, dar in nondi:
    bill = 0
    bill = bill + litar * dar
print(bill)
```

वहीवर हिशेब केलास तर २२१, २३१ आणि १९८ मिळून ६५० रुपये येतात. प्रोग्रॅम दाखवतो `198.0`. चूक एका ओळीच्या जागेची आहे. ती मी सांगत नाही, तू शोध. ती सापडेपर्यंत तुला काय वाटतं ते बघ. जेवायला हाक आली तरी उठवेना, सापडल्यावर लगेच फॅटचे दर जोडून बघावेसे वाटले, तर कॉम्प्युटरचं काम तुझ्या स्वभावाला धरून आहे. कारण नोकरीतही दिवसाचा मोठा भाग असाच जातो. अर्ध्या तासात कंटाळून कोणाला तरी उत्तर विचारलंस आणि पुन्हा लॅपटॉप उघडला नाहीस, तर नव्या कॉलेजात, जिथे मागे लागणारं कोणी नसेल, तिथे चार वर्षं हे होणं अवघड आहे.

दुसऱ्या आठवड्यात सायकल घे. पुढच्या आणि मागच्या चाकीचे दात मोज. समज, ४४ आणि १८ निघाले, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक साधारण २.४४ वेळा फिरतं. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर, म्हणजे एका फेऱ्यात सायकल ५ मीटरच्या आसपास जायला हवी. अंगणात खडूने खुणा करून मोज आणि फरक पडला तर का पडला ते शोध. मग मागचा हब खोल, प्रत्येक भागाचं समोरून आणि वरून मापांसह चित्र काढ आणि परत जोड. डाव्या पेडलचे आटे उलटे का असतात याचा विचार कर. हे करताना ग्रीसने माखलेले हात आणि चुकलेली मापं यांचा वैताग आला, की दोन संध्याकाळी कशा गेल्या ते कळलं नाही? बारावीचं फिजिक्स आवडणं आणि हे आवडणं एकच असेल असं नाही. हे बघूनच ठरव.

दोन्ही आवडलं तर जुन्या कॉलेजात ईएनटीसी किंवा इलेक्ट्रिकल कुठवर येतंय ते नक्की बघ. ईएनटीसीला सॉफ्टवेअरची बरीचशी दारं उघडी असतात आणि हार्डवेअरचंही काम मिळतं. माझ्या टीममधली सगळ्यात उपयोगी माणसं तिथलीच आहेत. ८६ वर हा पर्याय हाती लागण्यासारखा असतो आणि लोक तो विसरतात.

माझा कल विचारशील तर असा आहे. डेअरीच्या प्रोग्रॅमने तुला जागं ठेवलं आणि नव्या कॉलेजात निदान काही मुलं स्वतः प्रोजेक्ट करताना दिसली, तर कॉम्प्युटर घे, घराजवळ राहण्याने वाचलेला वेळ आणि पैसा सरळ लॅपटॉप आणि सरावावर लाव. प्रोग्रॅमने काही हाललं नाही आणि जुन्या कॉलेजचा मेकॅनिकल विभाग जिवंत निघाला, तर ते घे आणि मल्टिडिसिप्लिनरी मायनरमध्ये, म्हणजे दुसऱ्या शाखेच्या जोडविषयांत, संगणकाकडचा विषय निवड. जुन्या कॉलेजचा विभागही ओस पडलेला असेल, तर केवळ नावासाठी तिथे जाऊ नकोस. त्यापेक्षा नव्या कॉलेजातलं कॉम्प्युटर बरं, कारण निदान स्वतः शिकायची वाट तरी उघडी राहते.

एक गोष्ट पैशाची. दोन्हीपैकी काहीही घेतलंस तरी कॅपमधूनच घे. संस्था स्तरावरच्या जागेसाठी एजंट फोन करतील, 'पुण्यात कॉम्प्युटर देतो' म्हणतील. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल, तर ओपनच्या मुलालाही राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा अर्धा भाग मिळतो, पण त्यासाठी प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो.

शेवटी फॉर्मचा क्रम. २०२५ पासून कॅपच्या चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीझ होतो, म्हणजे तोच घ्यावा लागतो आणि पुढच्या फेऱ्या बंद; दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलाही. यंदाच्या माहितीपुस्तिकेत हे नियम वाचूनच फॉर्म उघड. मुलं भीतीपोटी हमखास मिळणारी जागा वरच्या तिनात टाकतात, दुसऱ्या फेरीत तिथे अडकतात, आणि तिसऱ्या फेरीत खाली आलेल्या चांगल्या जागेला मुकतात. मिळणार नाही असं वाटणारा पर्याय वर लिहिल्याने नुकसान काही होत नाही. तुझा कल कॉम्प्युटरकडे ठरला, तर वर जुन्या कॉलेजचं कॉम्प्युटर आणि आयटी लिही, मग त्याच कॉलेजचं ईएनटीसी, मग शिवाजी विद्यापीठातल्या इतर जुन्या कॉलेजांचं कॉम्प्युटर, आणि नवं कॉलेज सहाव्या क्रमांकाच्या खाली ठेव. मागच्या तीन वर्षांत त्याचा शेवटच्या फेरीचा कटऑफ ८६ च्या बराच खाली असेल, तर ते चौथ्या फेरीपर्यंत तुझ्यासाठी थांबेल. कल मेकॅनिकलकडे ठरला, तर जुन्या कॉलेजचं मेकॅनिकल सरळ पहिल्या क्रमांकावर लिही आणि पहिल्याच फेरीत फ्रीझ होऊ दे.